‘यथावकाश’ म्हणजे किती दिवस?

ऑनलाइन दुकानाचे परतावा-धोरण उघडणाऱ्या माणसाला तीन गोष्टी जाणून घ्यायच्या असतात. घेतलेली वस्तू परत देता येईल का, ती पाठवण्याचा खर्च कोणाचा, आणि पैसे कधी हातात पडतील. पुष्कळ धोरणांच्या मजकुरात यांपैकी एकाचेही सरळ उत्तर सापडत नाही. हातमागाच्या साड्या ऑनलाइन विकणाऱ्या एखाद्या छोट्या दुकानाचे उदाहरण घेतले, तर त्याच्या धोरणातला मुख्य परिच्छेद साधारण असा असतो:

“सदर वस्तू प्राप्त झाल्यापासून ७ दिवसांच्या आत विहित पद्धतीने केलेली परताव्याची विनंती, वस्तू न वापरलेल्या व मूळ स्थितीत असल्यास, तसेच गुणवत्ता तपासणीत समाधानकारक आढळल्यास ग्राह्य धरली जाईल. वस्तू आपल्या खर्चाने परत पाठवण्यात यावी. परताव्याची रक्कम लागू वजावटींच्या अधीन राहून यथावकाश अदा करण्यात येईल. कोणतेही कारण न देता विनंती नाकारण्याचा अधिकार कंपनी राखून ठेवत आहे. सवलतीत विकलेल्या वस्तू कोणत्याही परिस्थितीत परत घेतल्या जाणार नाहीत.”

हा मजकूर सोपा करायला घेतला की पहिला हात जातो शब्दांकडे. ‘सदर’ काढून ‘ही’ घातले, ‘अदा करण्यात येईल’च्या जागी ‘दिली जाईल’ लिहिले, लांब वाक्याची दोन वाक्ये केली. एवढ्याने मजकूर कानाला हलका लागतो, पण ग्राहकाचा एकही प्रश्न सुटत नाही. ‘यथावकाश’ काढून ‘लवकरात लवकर’ लिहिले, तरी पैसे किती दिवसांत पाठवायचे हे दुकानाने मुळात ठरवलेलेच नसते. ‘लागू वजावटी’ या दोन शब्दांमागे नेमकी कोणती रक्कम आहे, हे दुकानात बसलेल्यांनाही सांगता येत नाही. कायदेशीर वळणाची भाषा पुष्कळदा न घेतलेल्या निर्णयांवर पांघरूण घालते. म्हणून अशा मजकुराच्या संपादनात आधी दुकानदाराकडून निर्णय काढून घ्यावे लागतात आणि वाक्ये त्यानंतर लिहावी लागतात.

पहिला निर्णय दुकानाच्या हातात नसतो. तो कायद्याने आधीच केलेला आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ आणि त्याखाली जुलै २०२० मध्ये आलेले ई-कॉमर्स नियम यांनी एक किमान पायरी ठरवून दिली आहे. वस्तू सदोष किंवा बनावट असेल, जाहिरातीत सांगितलेले गुण तिच्यात नसतील, किंवा ती कबूल केलेल्या वेळेनंतर पोहोचली असेल, तर विक्रेत्याला ती परत घेण्यास किंवा पैसे परत देण्यास नकार देता येत नाही. उशिराच्या बाबतीत एक सूट आहे: उशीर कोणाच्याही आवाक्याबाहेरच्या आपत्तीमुळे झाला असेल, तर हा नियम लागू होत नाही. मूळ कायद्यातही सदोष वस्तू परत घेण्यास आणि बिलावर छापलेल्या मुदतीत पैसे देण्यास नकार देणे ही अनुचित व्यापारी प्रथा मानली आहे. बिलावर मुदतच छापलेली नसेल, तर ती ३० दिवस धरली जाते.

ही झाली एक बाजू. दुसरी बाजू अशी की साडीत काहीच दोष नाही, फक्त नेसून पाहिल्यावर ती मनाला आली नाही, अशा वेळी भारतात ग्राहकाला ती परत देण्याचा सर्वसाधारण कायदेशीर हक्क नाही. युरोपीय संघात ऑनलाइन खरेदी १४ दिवसांत कारण न देता रद्द करता येते. आपल्याकडे ही सवलत द्यायची की नाही, किती दिवस द्यायची आणि कोणत्या अटीवर, हे दुकानाने ठरवायचे असते.

वरच्या परिच्छेदाचा सगळ्यात मोठा दोष इथे दिसतो. त्यात हक्क आणि सवलत एकाच पोत्यात भरले आहेत. ‘सवलतीत विकलेल्या वस्तू कोणत्याही परिस्थितीत परत घेतल्या जाणार नाहीत’ हे वाक्य लिहिताना दुकानदाराच्या मनात असते ती मन बदललेली ग्राहक. पण वाक्याचा अर्थ असा होतो की सेलमधली साडी फाटकी निघाली तरी ती ग्राहकाच्याच गळ्यात राहील. हे कायद्यात बसत नाही. जुन्या दुकानांच्या भिंतीवर आणि बिलबुकांवर दिसणारी ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ ही ओळदेखील याच कारणाने सदोष मालाच्या बाबतीत टिकत नाही. संपादकाने या एका वाक्याची दोन वाक्ये करायला हवीत: “सेलमध्ये घेतलेली साडी केवळ आवडली नाही म्हणून आम्ही परत घेत नाही. तिच्यात दोष निघाला, तर इतर कोणत्याही साडीसारखीच परत घेतो.” दुकानाला खरोखर हवे असलेले संरक्षण पहिल्या वाक्यात पूर्ण मिळते. आणि दुसऱ्या वाक्यामुळे पहिल्यावर विश्वास बसतो.

हातमागाच्या बाबतीत ‘दोष’ या शब्दालाच उलगडावे लागते. हाताने विणलेल्या कापडात कुठे सुताची बारीक गाठ दिसते, कुठे एखादा धागा किंचित जाड असतो, दोन बुट्ट्या तंतोतंत सारख्या नसतात. या खुणा विणकराच्या हाताच्या आहेत, त्यांना दोष म्हणता येत नाही. उलट भोक, डाग, तुटलेली जर, पहिल्याच पाण्यात सुटलेला रंग, हातमागाची म्हणून सांगितलेली पण यंत्रमागावर निघालेली साडी, किंवा बिलावर रेशीम आणि हातात भलतेच सूत, हे निःसंशय दोष आहेत. शेवटचे दोन तर साध्या दोषापलीकडचे, फसवणुकीच्या जवळ जाणारे. धोरणात ‘सदोष’ एवढाच शब्द ठेवला की गाठ पाहून ग्राहक तक्रार करते आणि डाग पाहून दुकान ‘हातमागात असे असायचेच’ म्हणते. दोन्ही बाजूंच्या चार-चार नेमक्या गोष्टी लिहिल्या की हा वाद बराचसा मिटतो. गाठींविषयीचे वाक्य साडीच्या फोटोखालीही हवे, कारण विकत घेण्याआधी ते वाचायला मिळाले नाही तर त्याचा उपयोग नाही. रंगाचेही तसेच. मोबाइलच्या पडद्यावरचा आणि दिवसाच्या उजेडातला रंग थोडा वेगळा दिसतो, हे आधी सांगायचे. मात्र मोरपिशी दाखवून बाटलीहिरवी पाठवली, तर तो पडद्याचा फरक नव्हे, ती चुकीची साडी आहे.

यानंतरचा अडथळा आहे ‘न वापरलेली’ हा शब्द. काही दुकाने त्याऐवजी ‘घडी न मोडलेली’ लिहितात आणि घोटाळा वाढवतात. मराठीत साडीची घडी मोडणे म्हणजे ती पहिल्यांदा नेसून मिरवणे, तसाच घडी नुसती उलगडणे असाही त्याचा सरळ अर्थ होतो. पदर कसा आहे हे पाहायला साडी उलगडावीच लागते, आणि अंगावर कशी दिसते हे पाहायला आरशासमोर एकदा तरी लावून बघावीच लागते. तेवढे करणाऱ्या बाईला ‘घडी मोडली’ म्हणून परत पाठवले, तर त्या सवलतीला अर्थच उरत नाही. दुकानाची खरी भीती वेगळी असते. फॉल-पिको केलेली, ब्लाउजपीस कापलेली, धुतलेली किंवा ड्राय क्लीन केलेली, अत्तराचा वास किंवा जेवणाचा डाग लागलेली साडी पुन्हा विकता येत नाही. मग तेच लिहावे: “साडी उलगडून, अंगावर लावून पाहायला हरकत नाही. फॉल-पिको केले असेल, ब्लाउजपीस कापला असेल, किंवा साडी धुतली वा नेसून वापरली असेल, तर मन बदलले म्हणून ती आम्हाला परत घेता येत नाही.” ‘मूळ स्थिती’ आणि ‘समाधानकारक तपासणी’ या दोन्ही शब्दप्रयोगांचे काम या दोन वाक्यांत होऊन जाते. ती वाचून ग्राहकाला स्वतःच निकाल लावता येतो. चांगल्या अटीची ओळख हीच, की ती पूर्ण होते की नाही हे दोन्ही बाजूंना आपापल्या घरी बसून कळते.

मराठी मजकुरात एक अडचण खास मराठीची आहे. ‘वस्तू आपल्या खर्चाने परत पाठवण्यात यावी’ या वाक्यातला ‘आपल्या’ कोणाचा? आदरार्थी ‘आपण’ म्हणजे ग्राहक, बोलणारा आणि ऐकणारा मिळून ‘आपण’ म्हणजे दोघेही, आणि ‘आपला’ म्हणजे ज्याचा त्याचा. ‘साडी आपल्या खर्चाने परत मागवली जाईल’ असे लिहिले, तर खर्च दुकान करणार की ग्राहक, हे व्याकरणाच्या जोरावर कोणालाही ठामपणे सांगता येणार नाही. सौजन्यासाठी वापरलेला शब्द भांडणाचे कारण होतो. अशा मजकुरात दुकानासाठी ‘आम्ही’ आणि ग्राहकासाठी ‘तुम्ही’ हीच दोन सर्वनामे ठेवावीत. ‘तुम्ही’मध्ये अनादर काही नाही, आणि पैशाचा प्रश्न असताना स्पष्टपणाइतका दुसरा आदर नाही.

‘पाठवण्यात यावी’, ‘ग्राह्य धरली जाईल’, ‘अदा करण्यात येईल’ अशा रचनांमधून कर्ता गायब होतो, हा याच अडचणीचा दुसरा भाग. सरकारी पत्रव्यवहारातून ही लकब दुकानांत आली. ‘रक्कम अदा करण्यात येईल’ म्हटले की ती कोणी करायची हे मोकळेच राहते: दुकानाने, कुरिअर कंपनीने, की बँकेने? ‘आम्ही पैसे पाठवू’ असे लिहिले की जबाबदारी एका माणसापाशी येऊन थांबते. ‘परतावा’ हा शब्दही सांभाळून वापरावा लागतो. गुंतवणुकीवर मिळणारे उत्पन्न, परत मिळालेले पैसे आणि परत पाठवलेला माल असे तीन अर्थ लोक त्याला लावतात. धोरणाच्या शीर्षकात तो चालेल. आत मात्र ‘साडी परत’ आणि ‘पैसे परत’ असे वेगवेगळे लिहिणे बरे.

आता मुदतीकडे. वेळेचे वचन देताना दोन गोष्टी लागतात: घड्याळ कोणत्या क्षणी सुरू होते, आणि तो क्षण ग्राहकाला दिसतो का. ‘तपासणी पूर्ण झाल्यापासून ७ दिवस’ हे वचन पोकळ आहे, कारण तपासणी कधी पूर्ण झाली हे दुकानाशिवाय कोणाला कळत नाही. आठवडाभर पार्सल कोपऱ्यात पडून राहिले तरी वचन मोडत नाही. ‘साडी आमच्याकडे पोहोचल्यापासून २ कामकाजाचे दिवस’ हे वचन खरे आहे, कारण कुरिअरच्या ट्रॅकिंगवर पोहोचल्याची तारीख ग्राहकालाही दिसते. दुसरे पथ्य असे की दुकानाने स्वतःच्या हातातल्या कामाचेच वचन द्यावे. पैसे पाठवणे दुकानाच्या हातात आहे, ते कार्डाच्या खात्यावर उमटणे बँकेच्या. म्हणून ‘५ दिवसांत पैसे तुमच्या खात्यात’ असे न लिहिता, ‘२ दिवसांत आम्ही पैसे पाठवतो आणि त्याचा संदर्भ क्रमांक तुम्हाला कळवतो’ असे लिहावे. तो क्रमांक हातात असला की रक्कम कुठे अडकली हे ग्राहकाला आपल्या बँकेत विचारता येते.

एका साडीचा प्रवास तारखांनिशी पाहिला की हे सगळे ताडून बघता येते. साडीची किंमत ८,५०० रुपये, पाठवणी १२० रुपये, एकूण ८,६२० रुपये. पार्सल मंगळवारी ४ तारखेला घरी आले. मिळाल्याचा दिवस न मोजता ७ दिवस, म्हणजे ११ तारखेच्या रात्री १२ वाजेपर्यंत कळवायला वेळ. ‘मिळाल्याचा दिवस धरून की सोडून’ हे लिहिलेले नसते, तेव्हा नेमक्या शेवटच्या दिवशी कळवणाऱ्या ग्राहकाशी वाद होतो. ग्राहकाने रविवारी ९ तारखेला कळवले. दुकानाने ३ कामकाजाच्या दिवसांत कुरिअर पाठवण्याचे कबूल केले असेल, तर साडी बुधवारी १२ तारखेपर्यंत उचलली गेली पाहिजे. ती सोमवारी १७ तारखेला दुकानात पोहोचली. बुधवारी १९ तारखेपर्यंत पैसे निघायला हवेत.

किती पैसे, याचे उत्तर कारणावर अवलंबून असते. पदरावर डाग निघाला असेल, तर पाठवणीसह पूर्ण ८,६२० रुपये आणि परतीचा कुरिअर दुकानाच्या खर्चाने. साडी फक्त आवडली नसेल आणि दुकानाने परतीच्या कुरिअरसाठी १५० रुपये घ्यायचे ठरवले असेल, तर ८,५०० मधून १५० वजा होऊन ८,३५० रुपये. सुरुवातीचे १२० रुपये परत नाहीत. ‘लागू वजावटी’ हा शब्दप्रयोग काढून त्या जागी हेच छोटे गणित छापले, तर वाचणाऱ्याला दुकानाचा नियम एका नजरेत कळतो. दोषाच्या प्रकरणात रोख पैशांऐवजी पुढच्या खरेदीचे कूपन गळ्यात मारणे मात्र चालणार नाही. कायदा दिलेली किंमत परत करण्याविषयी बोलतो. कूपन फक्त ग्राहकाने स्वतः मागितले तर द्यावे.

हा प्रवास कागदावर मांडला की धोरणात राहून गेलेली भोकेही दिसतात. कुरिअर वाटेत हरवले तर? ग्राहकाच्या गावच्या पिनकोडवर कुरिअर येतच नसेल तर? कॅश ऑन डिलिव्हरीने घेतलेल्या साडीचे पैसे कोणत्या खात्यात परत जाणार? कायदेशीर वळणाच्या मजकुरात हे प्रश्न येतच नाहीत. तो मजकूर दुकानाच्या बाजूने विचार करून लिहिलेला असतो, आणि हे प्रश्न ग्राहकाच्या दारात उभे राहतात. त्यांची उत्तरे फार अवघड नाहीत. आमच्या कुरिअरने साडी नेली की ती आमची जबाबदारी, आणि नेल्यापासून १५ दिवसांत ती पोहोचली नाही तरी आम्ही पैसे पाठवू. कुरिअर येत नसेल, तर स्पीड पोस्टने पाठवा आणि पावतीचा फोटो द्या. साडीत दोष असेल तर टपालखर्च आम्ही देऊ. रोखीने घेतलेल्या साडीसाठी यूपीआय आयडी किंवा बँक खाते विचारू. इथे एक सावधगिरीचे वाक्य जोडणे ग्राहकाच्या फार उपयोगाचे असते: पैसे मिळवण्यासाठी यूपीआय पिन कधीच टाकावा लागत नाही, आणि दुकान पिन किंवा ओटीपी विचारत नाही. परताव्याच्या नावाखाली फोन करून पैसे लुबाडणारे नेमके याच अज्ञानाचा फायदा घेतात.

पार्सल उघडतानाच्या व्हिडिओची सक्ती हाही इथलाच मुद्दा. ‘अखंड व्हिडिओ नसल्यास तक्रार ग्राह्य धरली जाणार नाही’ ही ओळ आता अनेक ठिकाणी दिसते. रिकामे खोके आल्याचा खोटा दावा करणारे असतात, त्यामुळे दुकानाची काळजी अस्थानी नाही. पण ई-कॉमर्स नियमांत अशी अट कुठेही नाही, आणि घरी एकटीच असलेली आजी एका हातात मोबाइल धरून दुसऱ्या हाताने पार्सल फोडू शकत नाही. म्हणून ही अट विनंतीच्या रूपात ठेवणे योग्य: “व्हिडिओ असेल तर तपास लवकर होतो. नसेल तर डागाचे किंवा भोकाचे दोन स्पष्ट फोटो पाठवा.”

उरले ते ‘कोणतेही कारण न देता विनंती नाकारण्याचा अधिकार’ हे वाक्य. ते काढायला सुचवले की दुकानाचा वकील बहुधा थांबवतो, कारण त्याला ती शेवटची ढाल वाटते. ही ढाल दिसते तेवढी भक्कम नाही. करारातला शब्द संदिग्ध असेल, तर त्याचा अर्थ तो मजकूर लिहिणाऱ्याच्या विरुद्ध लावावा, हे न्यायालयांत रुळलेले तत्त्व आहे. शिवाय सदोष वस्तूच्या बाबतीत कायद्याने दिलेला हक्क अशा ओळीने पुसला जात नाही. ‘सर्व वाद फक्त अमुक शहराच्या न्यायालयात’ या ओळीचेही तेच. २०१९ च्या कायद्यानुसार ग्राहक आपण राहतो किंवा काम करतो त्या जिल्ह्याच्या आयोगातच तक्रार दाखल करू शकतो. सोलापूरच्या ग्राहकाला मुंबईच्या फेऱ्या मारायला लावणारे वाक्य त्याला फक्त घाबरवते, बांधत नाही. एकतर्फी अधिकाराच्या जागी दुकानाने नकाराची कारणे मोजून लिहावीत, आणि नकार देताना कारण फोटोसह कळवण्याचे कबूल करावे. वकिलाने मजकूर जरूर तपासावा. मात्र त्याला विचारायचा प्रश्न ‘यात आणखी काय घालू?’ असा नसावा, ‘यातले कोणते वाक्य खोटे ठरू शकते?’ असा असावा.

सोप्या वचनालाही सीमा लागते, हे अमेरिकेतल्या एल. एल. बीन या दुकानाच्या इतिहासात दिसते. १९१२ मध्ये लिओन बीन यांनी विकलेल्या शिकारीच्या पहिल्या १०० बुटांच्या जोड्यांपैकी ९० तळ सुटल्यामुळे परत आल्या, आणि त्यांनी सगळ्यांचे पैसे परत केले असे सांगितले जाते. त्यातून ‘समाधान नसेल तर कधीही परत करा’ ही त्या दुकानाची ओळख झाली. फेब्रुवारी २०१८ मध्ये ती संपली. वर्षानुवर्षे वापरून झिजलेल्या, जुन्या बाजारातून उचललेल्या वस्तूही लोक परत आणू लागले होते. दुकानाने मग एक वर्षाची मुदत आणि खरेदीच्या पुराव्याची अट घातली. वाक्य सुटसुटीत होते, पण त्यात मुदत नव्हती आणि पुरावा नव्हता. ‘१०० टक्के समाधानाची हमी’ अशी ओळ साडीच्या दुकानाने लिहू नये, ती याच कारणाने. समाधान कोणी आणि कसे मोजायचे, हे तिच्यातून कळत नाही.

सगळे निर्णय झाल्यावर सुरुवातीच्या परिच्छेदाच्या जागी येणारा मजकूर असा होतो:

“साडीत दोष असेल, चुकीची साडी आली असेल, सांगितल्याप्रमाणे ती नसेल किंवा कबूल केलेल्या तारखेनंतर आली असेल, तर आम्ही ती परत घेतो आणि पाठवणीसह पूर्ण पैसे परत देतो. परत नेण्याचा खर्च आमचा. हे सेलमधल्या साड्यांनाही लागू आहे. दोष साडी मिळाल्यापासून ३० दिवसांत कळवा.

साडी आवडली नाही, तर मिळाल्याचा दिवस सोडून ७ दिवसांत कळवा. उलगडून, अंगावर लावून पाहायला हरकत नाही. फॉल-पिको केलेली, ब्लाउजपीस कापलेली, धुतलेली किंवा वापरलेली साडी आणि सेलमधली साडी या कारणासाठी आम्ही परत घेत नाही. परतीच्या कुरिअरचे १५० रुपये साडीच्या किमतीतून वजा होतील. सुरुवातीचा पाठवणीखर्च परत मिळणार नाही.

तुम्ही कळवल्यावर ३ कामकाजाच्या दिवसांत आमचे कुरिअर येईल. साडी आमच्याकडे पोहोचल्यावर २ कामकाजाच्या दिवसांत आम्ही पैसे पाठवू आणि संदर्भ क्रमांक कळवू. तुम्ही ज्या मार्गाने पैसे दिले त्याच मार्गाने ते परत येतील. रोख दिले असतील, तर तुमच्या यूपीआयवर किंवा खात्यात पाठवू. साडी परत घेता येत नसेल, तर कारण फोटोसह कळवू.”

हा मजकूर मूळ परिच्छेदापेक्षा लांब झाला आहे, हे लपवण्याचे कारण नाही. निर्णय लिहायला जागा लागते. तो खरोखर चालतो का, हे पाहण्याची एक साधी रीत आहे. दुकानाशी संबंध नसलेल्या तीन-चार जणांना तो वाचायला द्यावा आणि प्रश्न विचारावा: सेलमध्ये घेतलेल्या ६,००० रुपयांच्या साडीला दहाव्या दिवशी भोक दिसले, तर किती पैसे आणि कुरिअर कोणाचा? उत्तराच्या आधी ‘बहुतेक’ आले, की ते वाक्य पुन्हा लिहायचे. मग हाच प्रश्न दुकानात फोन उचलणाऱ्या मुलीला आणि पार्सल बांधणाऱ्या माणसाला वेगवेगळा विचारायचा. दोघांची उत्तरे जुळली नाहीत, तर दोष भाषेचा नाही. धोरण ठरवणाऱ्यांनी ते कामगारांपर्यंत पोहोचवलेलेच नाही. बिलावर अजूनही ‘नो एक्स्चेंज, नो रिफंड’ छापले जात असेल, तर तेही त्याच दिवशी बदलावे लागते, नाहीतर ग्राहकाच्या हातात एकाच दुकानाची दोन वचने पडतात.

काही तपशील मात्र कायद्यासाठी ठेवावेच लागतात: दुकानाचे नोंदणीकृत नाव, पूर्ण पत्ता, आणि तक्रार निवारण अधिकाऱ्याचे नाव, पद व संपर्क. या अधिकाऱ्याने तक्रार मिळाल्याची पोच ४८ तासांत द्यायची असते आणि एका महिन्यात तिचा निकाल लावायचा असतो. त्याच्याखाली राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक दुकानाने स्वतःहून छापावा. आणि ‘पूर्वसूचनेशिवाय बदल करण्याचा अधिकार’ या ओळीच्या जागी धोरणाची तारीख लिहावी. धोरण पुढे बदलले, तरी ४ तारखेला मागवलेल्या साडीला ४ तारखेला लागू असलेलाच मजकूर लागू राहील, हेही तिथेच सांगावे.